पुंगळीत न गेलेले पत्रक

बँकेचे ते पत्रक मी पहिल्यांदा वाचले, ते फुटल्यानंतर.

दिवाळीचे दिवस होते. येरमाळ्याच्या एस.टी. थांब्यालगत लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल असे. तात्या अर्जनवीस म्हणून मी तिथे कित्येक वर्षे बसत आलो होतो. तगाईचे अर्ज, वारसाच्या नोंदी, रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीच्या तक्रारी, पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांना पत्रे, असे सर्व प्रकारचे लेखन माझ्या हातून होई. माझे शिक्षण निजामी अमदानीत उर्दूतून सुरू झाले आणि मराठीतून थांबले. त्यामुळे दोन्ही भाषांतील अदब माझ्या अर्जांत उतरे, आणि तहसिलीतले कारकून माझा अर्ज अक्षरावरून नव्हे तर मायन्यावरून ओळखत.

त्या दुपारी समोरच्या हॉटेलवाल्याने लवंगी फटाक्यांची माळ लावली. कागदाचे कपटे उडाले, आणि त्यांतला एक जळक्या कडांचा कपटा मी लिहीत असलेल्या अर्जावर येऊन पडला. त्यावर छापलेले होते: ‘मुदतपूर्व भंग केल्यास देय व्याजातून उपरोक्त’. पुढचे जळाले होते. सवयीने मी ते वाक्य मनात पुरे करू लागलो, पण ते होईना. उपरोक्त म्हणजे काय, ते वर होते. आणि वरचे उडून गेले होते. असे वाक्य लिहिणाऱ्याने निदान फटाक्याचा तरी विचार करायला हवा होता, असे मला वाटले.

दिवाळी संपल्यावर त्या वाक्याचे मालकच माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. तेरखेड्याला एका सहकारी बँकेने नव्यानेच शाखा काढली होती, तिचे ते मॅनेजर. उंच, किडकिडीत आणि सदैव घामेजलेले गृहस्थ. वरच्या खिशात दोन पेने, आणि दोन्ही गळकी.

“तुम्ही अवघड गोष्ट सोपी करून लिहिता असं ऐकलं,” ते म्हणाले.

“मी सोपी गोष्ट वजनदार करून लिहितो,” मी म्हणालो. “पण उलटही करता येईल. बसा.”

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. लागोपाठ पाऊस हुकल्याने त्या भागातली शेते उघडी पडली होती. मात्र कोरड्या हवेत फटाका चांगला वाळतो, त्यामुळे दुष्काळात तेरखेड्याचे तेवढे एक पीक हमखास येई. गावोगावच्या बाया तिथल्या शेडांमध्ये फटाक्यांसाठी रद्दी कागदाच्या पुंगळ्या वळायला जात आणि आठवड्याला रोख मजुरी घेत. या बायांनी दर महिन्याला दहा रुपये बँकेत टाकावेत, वर्षाने ते व्याजासह परत घ्यावेत, अशी आवर्त ठेवीची योजना बँकेने काढली. तिचे पत्रक छापून शाखेकडे पाठवले. मॅनेजरांनी ते शेडांमध्ये वाटले.

“मागणी इतकी आली,” ते म्हणाले, “की बाया शाखेत येऊन गठ्ठेच्या गठ्ठे मागू लागल्या. मी हेड ऑफिसला कळवलं. त्यांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं. आणखी छापून दिली. तीही संपली.”

“आणि खाती?”

“एकही नाही.”

मी टेबलाच्या खणातून तो जळका कपटा काढून त्यांच्या पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि डोळे मिटून घेतले. त्या वर्षी रद्दीचा भाव चढलेला होता, आणि बँक कोरी करकरीत रद्दी फुकट वाटत होती, हे त्यांना दिवाळीतच कळले होते. दुर्दैवाने ते चेअरमनसाहेबांनाही कळले होते. उस्मानाबादेत त्यांच्या अंगणात नातवाने लावलेला फटाका फुटला आणि बँकेचे नाव त्यांच्या धोतरावर येऊन पडले. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: मार्चअखेरपर्यंत शेडांतल्या बायांची खाती निघाली नाहीत, तर तेरखेड्याची शाखा बंद. मॅनेजरांना पुन्हा हेड ऑफिसात, आवक-जावकच्या टेबलावर.

“बारा वर्षं मी त्या टेबलावर पाकिटं चिकटवली,” ते म्हणाले. “आता पुन्हा जिभेला डिंक लागला तर मी जगणार नाही.”

पत्रक दोन पानांचे होते. ते अर्ध्या पानाचे करून हवे होते. माझा दर पानावर असल्याने सोपे करण्यात माझे सरळ नुकसान होते. मी त्यांना समजावून दिले की लिहिण्यापेक्षा वगळण्याला बुद्धी अधिक लागते, तेव्हा वगळलेल्या ओळींची आकारणी स्वतंत्र करावी लागेल. त्यांनी बराच विचार करून ते मान्य केले. अट एवढीच की शाखा राहिली तरच पैसे मिळतील.

पहिला मसुदा मी मन लावून केला. ‘उपरोक्त’, ‘देय’, ‘तिमाही चक्रवाढ’ हे सारे काढून टाकले. वाचकाला मान मिळावा म्हणून आरंभी ‘मेहेरबान ठेवीदारसाहेब यांचे सेवेशी’ असा मायना घातला आणि शेवटी ‘येणेप्रमाणे विनंती मान्य होऊन कृपा व्हावी’ असे लिहिले. बँकेने ठेवीदाराकडे केलेला अर्ज, अशी ती कल्पना होती. मॅनेजरांना ती फार आवडली. हायस्कुलातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर त्यांनी तिच्या प्रती काढल्या आणि आम्ही दोघे शेडात गेलो.

पुंगळ्या वळण्याचे शेड फटाक्यांची दारू भरायच्या खोल्यांपासून लांब, शेताच्या बांधाला होते. तरीही दारातच आमच्या काडेपेट्या काढून घेतल्या गेल्या. आत बाया रांगांनी बसलेल्या. समोर कागदाच्या चवडी, खळीचे डबे, हातात लाकडी दांडी. कागद दांडीवर गुंडाळायचा, कडेला खळीचे बोट ओढायचे, दांडी उपसायची; पुंगळी तयार. रांगेच्या टोकाला एक वयस्कर बाई होत्या, कपाळावर जाड काड्यांचा चष्मा चढवलेल्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. त्यांनी दांडी न थांबवताच आम्हाला “जयभीम” घातला.

मी उभा राहून मसुदा वाचला. माझा आवाज बरा आहे. वाचून संपेपर्यंत शेडातली एकही दांडी थांबली नाही.

मॅनेजरांनी प्रती वाटल्या. आक्कांनी एक हातात घेतली, चिमटीत चोळून पाहिली, गुडघ्यावर सपाट केली आणि दांडीवर गुंडाळली.

“कागद झ्याक हाय,” त्या म्हणाल्या. “पन शाई लई वल्ली हाय, साहेब. खळ धरत न्हाय. पुढल्या टायमाला वाळवून आना.”

“आक्का, समजलं का पण?” मॅनेजरांनी विचारले.

“कुनाला?”

“तुम्हाला.”

“समजलं आसतं तर घरी न्हेलं आसतं. रेशनकारड कुनी पुंगळीत घालतंय का?”

शेजारची बाई हसली. तिच्याही दांडीवर माझा मायना गेला होता.

मॅनेजर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी उजळले होते. “कसोटी मिळाली,” ते म्हणाले. “जे पुंगळीत जाईल ते समजलं नाही. जे जाणार नाही ते समजलं.” मला ही कसोटी अपमानास्पद वाटली, परंतु तहसिलीत माझ्या अर्जांचे काय होते हे मला कोणी कधी इतक्या तातडीने दाखवले नव्हते, हेही खरे.

“बरं, न समजायला काय झालं ते तरी सांगा,” मी आक्कांना म्हणालो. “विचारा काय विचारायचं ते.”

“इचारू? त्ये शेकडा नऊ म्हनालात. म्हंजी म्हैन्याला का?”

शेडातल्या सगळ्या दांड्या एकाच वेळी थांबल्या. आमच्याकडे व्याज बोलायचे ते महिन्याचे. सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो तेव्हा तो महिन्याला तीन घेतो, वर्षाला छत्तीस. त्यात ‘महिन्याला’ हा शब्द उच्चारायची गरजच पडत नाही. पत्रकात ‘द.सा.द.शे.’ अशी चार अक्षरे होती, म्हणजे दर साल दर शेकडा. आणि मी ती अक्षरे बोजड म्हणून काढून टाकली होती. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी त्यांनी नुसती मान हलवली असती तर दुपारपर्यंत शाखेत रांग लागली असती, आणि हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळला.

“वर्षाला,” ते म्हणाले.

दांड्या पुन्हा चालू झाल्या.

“म्हंजी वर्सभर म्या दहा-दहा टाकायचं, तर हाती काय?” आक्कांनी विचारले.

मॅनेजरांनी खिशातून चिठोरे काढले. प्रत्येक हप्ता जितके महिने बँकेत राहील तितक्या महिन्यांचे व्याज, तेही दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळवून, असा तो हिशेब. “एकशेवीस तुमचे. वर पाच रुपये सत्त्याण्णव पैसे.”

“तीन पैशे कुटं गेले?”

“कुठं गेले नाहीत. तेवढंच होतं.”

“आन् एकांद्या म्हैन्यात टाकलंच न्हाय तर? हितं दिवाळीच्या म्होरं काम आसतंय, लगीनसराईला आसतंय. मदी समदं सुकं.”

“तर दर महिन्याच्या उशिराला पंधरा पैसे.”

“उशीर आमचा, पैशे तुमचे. बरंय.” हे त्या रागाने बोलल्या नाहीत; शेडात वाकड्या पुंगळीचे पैसे कापले जात, त्यामुळे कपात त्यांच्या परिचयाची होती. “आन् मदीच मोडलं तर?”

“तीन महिन्यांच्या आत मोडलं तर व्याज नाही. नंतर मोडलं तर कमी दरानं.”

“त्ये ऱ्हाऊ द्या. आमचं दहा-दहा तर परत येत्याल का?”

“म्हणजे काय, येणारच की.”

“मंग त्ये कुटं लिवलंय?”

मॅनेजरांनी मूळ पत्रक काढले. आम्ही दोघांनी ते उभे, आडवे, पुढून, मागून वाचले. काय दिले जाणार नाही हे चार कलमांत सांगितले होते. ठेवीदाराने भरलेली रक्कम त्याला परत मिळेल, हे मात्र कुठेच नव्हते. बँकेला ते इतके उघड वाटले होते की कोणाला लिहायचे सुचलेच नाही. बाहेर पडताना मॅनेजर पायरीवर बसले आणि काडेपेटी परत घ्यायची विसरले.

दुसरा मसुदा मी माझ्या धंद्याच्या नियमाने केला. अर्जात सगळ्यात मोठे दुःख पहिल्या ओळीत घालावे लागते. साहेब दुसरी ओळ वाचेलच याचा भरवसा नसतो. तोच न्याय मी बँकेला लावला. आधी कपात, मग अटी, मग तुमचे पैसे तुमचेच हे आश्वासन, आणि सर्वांत शेवटी व्याज. मायना काढला. जड मनाने काढला, पण काढला, आणि त्याची आकारणी लावली.

तो मसुदा मंजुरीसाठी चेअरमनसाहेबांकडे न्यावा लागला. माझ्या शब्दांचा खुलासा मागितला गेला तर, म्हणून मॅनेजरांनी मलाही उस्मानाबादला नेले. चेअरमनसाहेब भरदार देहाचे, मिशा पांढऱ्या, बोलणे गोड. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि मसुदा लांब धरून वाचला.

“ही जाहिरात आहे का तक्रार?” त्यांनी विचारले.

“माहिती आहे, साहेब,” मी म्हणालो.

“यात बँक वाईट दिसते.”

“यात बँक दिसते, साहेब. आधीच्या पत्रकात दिसतच नव्हती.”

ते हसले, तांबडी पेन्सिल उचलली आणि कपातीपासून आश्वासनापर्यंतच्या साऱ्या ओळी खोडल्या. उरलेल्या जागेवर त्यांनी पेन्सिलीने एक मोठी चौकट काढली. “गरीब माणूस अटी वाचत नाही,” ते म्हणाले. “गरीब माणूस माणूस बघतो. माझा फोटो टाका. फेट्यातला.”

फोटो पाऊण पानभर आला. त्याखाली ‘बचत हाच दुष्काळावरील उपाय’ असे एक वाक्य आणि कोपऱ्यात व्याजाचा दर. कागद जाड, गुळगुळीत, उत्तम. वगळलेल्या ओळींची संख्या पाहता माझी आकारणी त्या महिन्यातली सर्वांत मोठी ठरली असती. पण ओळी मी नव्हे, चेअरमनसाहेबांनी वगळल्या होत्या, असा मुद्दा मॅनेजरांनी परतीच्या एस.टी.त काढला, आणि येरमाळ्यापर्यंत आम्ही त्यावरच वाद घालत राहिलो.

नवी पत्रके शेडात गेली. आठवड्याने मॅनेजर पळत माझ्या टेबलाशी आले.

“एकही नाही,” ते म्हणाले. “एकही पुंगळीत गेलं नाही. सगळी शेडं पाहून आलो. कोपऱ्यात फाटलेलंसुद्धा सापडलं नाही.”

“खाती निघाली?”

“निघतील की. कसोटी लागली ना.” त्यांनी त्याच दुपारी हेड ऑफिसला तार केली: पत्रक समजले. चेअरमनसाहेबांनी तारेनेच उत्तर दिले की हे अपेक्षितच होते, आणि तितकीच पत्रके आणखी पाठवली.

पौष लागला. शाखेत एक बाई आली; तिला नोटेचे सुट्टे हवे होते. मॅनेजरांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, योजनेविषयी विचारले. ती सुट्टे घेऊन निघून गेली. त्यानंतर कोणी आले नाही. ते रोज मला निरोप पाठवू लागले, आणि अखेर बाजाराच्या दिवशी काम सोडून मी तेरखेड्याला गेलो.

शेडात आक्का त्याच जागी होत्या. मागच्या भिंतीला एक फळी होती. तिच्यावर देवादिकांची जुनी कॅलेंडरे, लग्नपत्रिकांवरचे गणपती, कुठल्याशा निवडणुकीतले उमेदवार. आणि त्यांच्या शेजारी, सुतळीने नीट बांधलेले, चेअरमनसाहेबांचे गठ्ठे.

“आक्का, हे का ठेवलंय?” मी विचारले.

“मंग काय करावं? त्येच्यावर मानसाचं तोंड हाय. तोंडाचा कागूद आमी दारूवर गुंडाळत न्हाय. देव आसू, पुढारी आसू, न्हायतर चोर आसू. उडवायचं न्हाय कुनाचं तोंड.” त्यांनी चष्मा खाली ओढून फळीकडे पाहिले. “ह्यो ह्यातला कोन, त्ये कुनाला ठावं न्हाय. म्हून मदी ठिवलाय.”

“वाचलं का?”

“त्यात वाचायला काय हाय, तात्या? समदं तोंडच हाय. आन् जागा अडलीया बगा. न्या की एकडाव.”

मी एक गठ्ठा सोडला. एक पत्रक उलटे केले. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत, कोरी होती. सगळे आयुष्य मी पाठकोऱ्या कागदांवर कच्चे मसुदे लिहीत आलो आहे; कोरी पाठ दिसली की माझा हात शिवशिवतो. पण त्या दिवशी हात शिवशिवण्याला कारण वेगळे होते. जे काही या पाठीवर लिहिले जाईल ते पुंगळीत जाऊ शकणार नव्हते. चेअरमनसाहेब पलीकडून त्याचे रक्षण करीत होते.

खोडलेल्या ओळी या पाठीवर छापायच्या, हे ऐकून मॅनेजर पांढरे पडले. “त्या ओळी त्यांनी खोडल्या आहेत.”

“पत्रकातून खोडल्या,” मी म्हणालो. “बँकेच्या नियमांतून खोडल्या का?”

“नाही. पंधरा पैसे तर घ्यावेच लागतात.”

“मग तुम्ही बँकेचेच नियम लिहिताय. आणि पत्रकाच्या पाठीला मंजुरी लागते असं कुठं लिहिलंय?”

त्यांनी कपाट उघडले आणि संध्याकाळपर्यंत हेड ऑफिसची सारी परिपत्रके चाळली. पाठीविषयी कुठेही काही नव्हते. तेव्हा ते उठले, तोंड धुऊन आले आणि हायस्कुलाच्या हेडमास्तरांकडे पुन्हा यंत्र मागायला गेले. स्टेन्सिलवर मी असे लिहिले:

‘हप्ता चुकला तर उशिराच्या दर महिन्याला पंधरा पैसे जादा भरावे लागतील. पासबुक हरवले तर नव्याला एक रुपया पडेल. तीन महिन्यांच्या आत खाते मोडले तर व्याज मिळणार नाही. त्यापुढे, पण वर्षाच्या आत मोडले, तर व्याज मिळेल पण कमी. खाते कधीही मोडले तरी तुम्ही भरलेले दहा-दहा रुपये पूर्ण परत मिळतील. दर महिन्याला दहा भरले तर वर्षाने तुमचे एकशेवीस होतील, आणि बँक वर सहा रुपयांना तीन पैसे कमी इतके व्याज घालील. हे व्याज वर्षाचे आहे, महिन्याचे नाही. काम असेल तेव्हा पुढचे हप्ते आगाऊ भरले तरी चालतील.’

एवढेच. माझ्या हातून सुटलेला इतका उघडा मजकूर दुसरा नाही. त्याखाली माझे नाव नाही, याचे मला त्या वेळी समाधान वाटले.

फळीवरच्या पहिल्या खेपेच्या पाठीवर ते छापून आम्ही शेडात वाचले. दांड्या थांबल्या नाहीत, पण मंदावल्या. पंधरा पैशांच्या ओळीला कोणी तरी म्हणाले, “आता खरं बोलाया लागलं.” दहा-दहा परत मिळतील ही ओळ मला पुन्हा वाचायला लावली. संध्याकाळी बाया एकेक प्रत घेऊन गेल्या, आणि पुढच्या मजुरीच्या दिवसानंतर शाखेत पहिली सहा खाती निघाली. ओळखीची सही शेडमालकाने केली, कारण शाखेत आधीपासून साधे खाते असलेला गावातला तोच एक. अंगठे लावून लावून बोटे जांभळी झालेल्या बाया बाहेर येऊन ती भिंतीला पुसत, आणि मॅनेजर ती भिंत धुऊ देत नसत.

पत्रके घरोघर भिंतींवर लागली. वाचायची बाजू समोर हवी, म्हणून खळ साहजिकच फोटोला लागली. अशा रीतीने चेअरमनसाहेब तेरखेड्यातल्या बऱ्याच घरांत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मार्च संपता संपता आक्का येरमाळ्याला माझ्या टेबलाशी आल्या. हातात पासबुक होते.

“तात्या, अर्ज लिवा. ब्यांकेच्या इरुद्द.”

“काय झालं?”

“माघात म्या तापानं पडले हुते. हप्ता ऱ्हायला. फिरून गेले तवा दोन म्हैन्याचं वीस दिले आन् वर पंधरा पैशे काढून ठिवले. म्यानेजरनं घेतले न्हाईत. म्हनला, ऱ्हाऊ द्या आक्का, तुमाला माफ.”

“मग चांगलं झालं की.”

“चांगलं?” आक्का टेबलावर वाकल्या. “कागदावर लिवलंय घेत्याल म्हून. घेतले न्हाईत. आता ह्येंनी पंधरा पैशे लिवल्यापरमानं घेतले न्हाईत, तर सहा रुपये लिवल्यापरमानं देत्याल कशावरून?”

मी अर्ज लिहिला. विषय: विलंब आकार न घेतल्याबद्दल तक्रार. अशा विषयाचा अर्ज माझ्या हातून पूर्वी झाला नव्हता, त्यामुळे मायन्यापासून सारे नव्याने घडवावे लागले. आक्का म्हणाल्या की बरोबर चला, साहेब लोक बाईचा अर्ज घेऊन खाली ठेवतात. मी गेलो.

शाखेसमोर जीप उभी होती. चेअरमनसाहेब आले होते, आणि ते शाखेचा निकाल लावायला आले होते. आत टेबलावर त्यांच्यापुढे वह्या उघड्या होत्या. मॅनेजर भिंतीला पाठ लावून उभे होते.

“खाती निघाली आहेत,” चेअरमनसाहेब म्हणत होते, “पण हे काही फार नाही. भाडं, शिपाई, दिवाबत्ती. याच्यात भागत नाही.”

आक्कांनी अर्ज त्यांच्या पुढे ठेवला. मॅनेजरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन मी कधी अर्जात करू शकलो नसतो.

चेअरमनसाहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला. “बाई, तुमची तक्रार अशी आहे की तुमच्याकडून दंड घेतला नाही?”

“व्हय.”

“आणि तुम्हाला दंड भरायचा आहे.”

“लिवलंय तेवढा.”

“कुठं लिहिलंय? पंधरा पैशाची ओळ मी स्वतः खोडली होती.”

आक्कांनी पासबुकातून चौघडी घातलेले पत्रक काढले आणि उलगडून टेबलावर ठेवले. वर फेटा, मिशा, ‘बचत हाच दुष्काळावरील उपाय’. चेअरमनसाहेबांची मान किंचित ताठ झाली. मग आक्कांनी ते उलटे केले.

चेअरमनसाहेबांनी ते ओळीन् ओळ वाचले. मॅनेजरांच्या कपाळावरून घामाचा थेंब निघून नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला, आणि त्यांनी तो पुसला नाही.

“हे कुणी लिहिलं?”

“तुमच्याच पाठीवर हाय, साहेब,” आक्का म्हणाल्या. “तुमालाच कसं दिसलं न्हाय?”

शिपाई तोंड फिरवून बाहेर गेला. चेअरमनसाहेबांनी पत्रक पुन्हा सुलटे केले, पुन्हा उलटे केले. मग खातेदारांची वही ओढली आणि बोट फिरवत खाली उतरले. “या सगळ्यांनी हे वाचून खाती काढली?”

“वाचून न्हाय तर काय तोंड बगून?” आक्का म्हणाल्या.

त्यानंतर जे झाले ते सहकारात अनेक वर्षे मुरलेल्या माणसालाच सुचते. चेअरमनसाहेब मागे रेलले आणि मॅनेजरांना म्हणाले, “बाईंचे पंधरा पैसे घ्या. पावती द्या. आणि माफीबिफी बंद. ज्या गावात लोक अर्ज करून दंड भरतात, तिथून बँक उठवली तर उद्या निवडणुकीत मी मतं कुठं मागू? शाखा ठेवा.” मग पत्रकाकडे बोट करून ते म्हणाले, “फोटोचा परिणाम झाला म्हणायचा. थोड्या वेगळ्या बाजूनं.”

मॅनेजरांनी पावती फाडली. पंधरा पैशांची पावती त्या पुस्तकात पहिलीच होती. त्यांचे गळके पेन तिच्यावर ठिपका टाकून गेले, म्हणून आक्कांनी ती रद्द करवून दुसरी मागितली. ती नीट वाचून त्यांनी पासबुकात ठेवली.

निघताना चेअरमनसाहेबांनी टेबलावरच्या पत्रकाला हात घातला. आक्कांनी ते आधीच उचलले होते.

“ह्ये माझं हाय,” त्या म्हणाल्या. “तुमाला पायजे तर शेडात लई हायती, दुसऱ्या खेपंतली, मागं कोरी. फळी भरलीया. तेवढी न्या.”

जीप शेडाकडे वळली. दारात साहेबांची काडेपेटी काढून घेतली गेली. थोड्या वेळाने ते बाहेर आले, तेव्हा सुतळीने बांधलेले गठ्ठे त्यांच्या स्वतःच्या दोन्ही हातांत होते, कारण दांडी सोडून उठायला आत कोणालाही सवड नव्हती.